आडवं पडलं की बरं वाटतं

आपल्याकडे डोकं दुखतंय म्हटलं की पहिला प्रश्न येतो "काही खाल्लंस का?" आणि दुसरा प्रश्न येतच नाही, थेट निदान येतं, पित्त झालं असेल. पित्त नसेल तर चष्म्याचा नंबर वाढला असेल, तोही नसेल तर मान, आणि मान म्हटलं की मुंबईत लगेच स्पाँडिलायटिस, कारण लोकलला लटकणाऱ्या माणसाची मान दुखायचीच. मी रेडिओलॉजिस्ट आहे, माझा दिवस अंधाऱ्या खोलीत स्कॅन बघण्यात जातो, आणि डोकेदुखीसाठी म्हणून येणारे बहुतेक स्कॅन नॉर्मल असतात हे मी रोज बघते. त्यामुळे घरातलं कोणी डोकं दुखतंय म्हणालं तर मीही फार मनावर घेत नाही, खरं सांगते.

पण एक डोकेदुखी अशी आहे की तिच्याबद्दल मला लिहायचं होतंच. माणूस उभा राहिला की डोकं दुखायला लागतं आणि आडवा झाला की थांबतं. पाठीत भूल देण्यासाठी सुई घातल्यावर काही जणांचं असं डोकं दुखतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं, सिझेरियन झालेल्या बायकांना तर चांगलंच माहीत असतं. सुईच्या भोकातून मणक्यातलं पाणी झिरपतं आणि म्हणून डोकं दुखतं. पण सुई कधीच टोचली नाही, पडणं नाही, मार नाही, आणि तरीही तेच पाणी आपलं आपण झिरपायला लागतं असंही होतं. गेओर्ग शाल्टेनब्रांड नावाच्या जर्मन न्यूरॉलॉजिस्टने हे 1938 साली लिहून ठेवलंय. तरीही आजसुद्धा याचं निदान व्हायला कित्येकदा महिने जातात, आणि त्याचं कारण मशीन कमी पडतं हे नसतं, तर एक साधा प्रश्न कोणी नीट विचारत नाही हे असतं.

माझ्या नणंदेची गोष्ट सांगते, तिला विचारूनच लिहितेय, ती म्हणाली फक्त नाव टाकू नकोस वहिनी, बँकेतले सगळे वाचतात. चाळिशीतली, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टला. दिवाळीच्या आधीची साफसफाई चालू होती, माळ्यावरची मोठी बॅग तिने एकटीने खाली ओढली, तेव्हा दोन खांद्यांच्या मध्ये काहीतरी चमकल्यासारखं झालं एवढंच तिला आठवतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणात ठणठणीत. उठली, दात घासले, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत डोक्याची मागची बाजू आणि मान अशी जड झाली की ओट्याला धरून उभी राहिली. ऑक्टोबर हीट म्हणून सोडून दिलं. लोकलमध्ये ठाणं येईपर्यंत मळमळायला लागायचं, ऑफिसात टेबलावर डोकं टेकून बसायची, आणि लंच टाइममध्ये लेडीज रूममधल्या बाकावर आडवी झाली की दहा मिनिटांत सगळं गायब. पुन्हा उठून काउंटरला बसली की अर्ध्या तासात हजर. ऑफिसमध्ये कुजबुज सुरू झाली की ही झोपायला कारण शोधते. सासूबाई तिला म्हणाल्या, झोपल्यावर बरं कोणाला वाटत नाही गं!

आणि सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाहीये हीच तर अडचण आहे. मायग्रेनवाल्यालाही पडून बरं वाटतं, तापवाल्यालाही, दमलेल्यालाही. म्हणून डॉक्टरला पेशंट "झोपलं की बरं वाटतं" म्हणाला तरी कोणाचे कान टवकारत नाहीत. फरक असतो तो वेळेचा. मायग्रेनमध्ये अंधार करून पडलं तर थोडं सुसह्य होतं पण दुखणं आपले तास पूर्ण करतं, आणि जिना चढल्यावर वाढतं तसं नुसतं उभं राहिल्याने उगवत नाही. इथे आडवं पडल्यावर थोड्याच मिनिटांत उतरतं, बऱ्याच जणांचं पूर्ण जातं, आणि उभं राहिल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत परत येतं, रोज, औषध घ्या नाहीतर घेऊ नका. सोबत मान आखडते, मळमळतं, आणि कानात पाणी गेल्यासारखं होतं, आवाज लांबून येतात, शिट्टी वाजते. ही कानाची तक्रार माझ्या मते फार कामाची आहे आणि नेमकी तीच लोक डोक्याच्या डॉक्टरला सांगत नाहीत, कानाच्या डॉक्टरला सांगतात. तिनेही तेच केलं. सायनसच्या गोळ्या झाल्या, मग मानेला पट्टा झाला, मग फिजिओथेरपी, आणि तिथे मान ताणून दिल्यावर तर दोन दिवस उठताच आलं नाही.

महिना-दीड महिना गेल्यावर अजून एक गोंधळ झाला. दुखणं आता उठल्या उठल्या येत नव्हतं, दुपारनंतर यायचं, आणि पडल्यावर जायला वेळ लागायचा. हे असं होतं, जुनं झालं की त्याचा उभं-आडवं हिशोब पुसट होत जातो, शेवटी शेवटी काहींना फक्त "संध्याकाळी डोकं दुखतं" एवढंच उरतं. त्यामुळे आज कसं दुखतंय हे विचारून भागत नाही, पहिल्या आठवड्यात कसं दुखायचं हे विचारावं लागतं.

आमच्यापर्यंत हे सगळं आलं ते सीटी स्कॅनमुळे. जवळच्याच एका सेंटरमध्ये साधा सीटी केला, त्यात मेंदूच्या दोन्ही बाजूंना कवटीच्या आत पाण्याचा पातळ थर दिसला, सबड्यूरल कलेक्शन. म्हाताऱ्या माणसाला बाथरूममध्ये पडल्यावर होतं ते. दहा वेळा विचारलं, पडलात का, मार लागला का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. सगळ्याला नाही. मग सल्ला मिळाला की कवटीला छोटी भोकं पाडून पाणी काढून टाकू. तिच्या नवऱ्याने रात्री फोन केला, आवाजावरूनच कळलं किती घाबरलाय. मी म्हटलं फिल्मचे फोटो पाठव आणि तिला फोन दे.

मला तिला फार काही विचारायचं नव्हतं. पाठीत कधी इंजेक्शन घेतलंय का, नाही. पहिल्या आठवड्यात आडवी पडल्यावर किती वेळात जायचं, "दहा मिनिटं गं वहिनी, जादू". सकाळी उठताना काय, काहीच नाही. मग म्हटलं उद्या सकाळी उशी न घेता पडून राहा, पलंगाच्या पायाकडच्या बाजूला विटा लावून ती बाजू उंच करा, आणि दुपारी उठून उभी राहा, दर दहा मिनिटांनी दहापैकी किती दुखतंय ते लिही. शेजारच्या नर्स काकूंना पडलेल्या अवस्थेत आणि उभं राहून दहा मिनिटं झाल्यावर बीपी आणि नाडी बघायला सांगितलं, कारण उभं राहिल्यावर बीपी घसरणाऱ्यांना आणि नाडी धावणाऱ्यांनाही अशी तक्रार असते. बीपी, नाडी जागच्या जागी. दुखणं पडून शून्य, उभं राहून वीस मिनिटांनी चार, पन्नास मिनिटांनी आठ, आणि मग तिने पेन टाकलं.

आता या थराचा आणि उभं राहण्याचा संबंध काय, तर तो समजला की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. मेंदू आणि मणक्यातली नस सीएसएफ नावाच्या पाण्यात तरंगत असतात. हे पाणी एकूण साधारण 150 मिली, पण दिवसाला जवळपास 500 मिली नवीन तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. चौदाशे ग्रॅमचा मेंदू या पाण्यात तरंगतो तेव्हा त्याचं वजन जेमतेम 50 ग्रॅमइतकंच भरतं. मणक्याजवळ ड्युरा म्हणजे बाहेरच्या आवरणाला कुठे चीर गेली आणि पाणी बाहेर जायला लागलं की उभं राहिल्यावर मेंदू खाली बसतो, त्याला धरून ठेवणारे पडदे आणि शिरा ताणल्या जातात आणि दुखतं. आडवं पडलं की ओढ संपते. दुसरी गोष्ट, कवटी काही आकसत नाही, त्यामुळे आत पाणी कमी झालं की ती जागा दुसऱ्या कशाने तरी भरावीच लागते, आणि ती भरते रक्ताने. शिरा फुगतात, ड्युरामधल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, मेंदूखालची पिच्युटरी ग्रंथी फुगते, आणि तरीही जागा उरली तर मेंदूभोवती पाझरलेलं पाणी साठतं. सीटीत दिसलेला थर हा तोच. म्हणजे तो आजार नव्हताच, परिणाम होता, आणि भोक पाडून तो काढला असता तर खालची गळती तशीच राहिली असती आणि मेंदू अजून खाली बसायची शक्यता होती. थर खूप मोठा असला, माणूस गुंगीत जायला लागला, तर काढावा लागतो, ती वेळ वेगळी. पण एरवी आधी गळती शोधून बंद करायची, थर बहुतेक वेळा आपोआप विरतो.

एमआरआय आमच्याच इथे केला. इथे एक गोष्ट मी हट्टाने सांगते, कॉन्ट्रास्ट हवाच. हातातून गॅडोलिनियम देऊन काढलेले फोटो नसतील तर सगळ्यात ठळक खूण दिसतच नाही. तिचे कॉन्ट्रास्टचे फोटो स्क्रीनवर आले आणि मेंदूच्या सगळ्या बाजूंनी ड्युराची एकसारखी पांढरी रेघ उजळली होती, कुठे गाठ नाही, कुठे खंड नाही. जंतुसंसर्ग किंवा कॅन्सर पसरला असेल तर असं एकसारखं सहसा नसतं. मोठ्या शिरांच्या कडा, ज्या एरवी आत वळलेल्या असतात, त्या बाहेर फुगलेल्या. पिच्युटरी टम्म. मेंदूच्या तळाशी पिच्युटरीच्या वर जी पाण्याची जागा असते ती तीन मिलिमीटर उरलेली. आणि छोट्या मेंदूची टोकं कवटीच्या भोकातून खाली उतरलेली. या शेवटच्या गोष्टीवरून काही जणांना जन्मजात कियारी आहे, म्हणजे ही टोकं जन्मतःच खाली उतरलेली आहेत असं सांगितलं जातं आणि मानेचं मोठं ऑपरेशन होतं. जन्मजात कियारीत ड्युरा असा उजळत नाही, शिरा फुगत नाहीत, हे बघायला दोन मिनिटं लागतात पण बघायला तर हवं.

स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी या खुणांना मार्क द्यायची एक पद्धत काढलीय, नऊपैकी. उजळलेला ड्युरा, फुगलेली शीर आणि ती चार मिलिमीटरच्या आत आलेली जागा यांना दोन दोन, बाकी तीन खुणांना एकेक. पाच किंवा जास्त आले तर मणक्यात गळती सापडायची शक्यता भरपूर. तिला आठ होते. पण साधारण पाचात एकाचा मेंदूचा एमआरआय पूर्ण नॉर्मल येतो, तेव्हा लक्षणं तंतोतंत जुळत असतील तर नॉर्मल रिपोर्ट हातात देऊन माणसाला घरी पाठवू नये.

तिच्या नवऱ्याने नेटवर वाचून विचारलं, पाठीत सुई घालून प्रेशर मोजलं की कळेल ना? रास्त प्रश्न. 60 मिलिमीटर पाण्याच्या खाली प्रेशर असेल तर पक्कं समजतात. पण या आजाराच्या बहुतेक पेशंटचं प्रेशर नॉर्मल भरतं, कारण कमी झालेलं असतं पाणी, आणि प्रेशर त्याबरोबर उतरतंच असं नाही. त्यात सुईने एक नवीन भोक. एवढ्या स्पष्ट एमआरआयनंतर नुसतं प्रेशर बघायला सुई घालायची गरज नव्हती.

मग पूर्ण मणक्याचा एमआरआय. नसेच्या पुढच्या बाजूला, ड्युराच्या बाहेर, मानेच्या खालपासून कमरेच्या वरपर्यंत पाण्याची लांबलचक पट्टी. घरात आनंद झाला, सापडलं म्हणून. मला सांगावं लागलं की नाही सापडलं. सोसायटीच्या टाकीचा पाइप सातव्या मजल्यावर फुटला की ओल तिसऱ्या मजल्याच्या बेडरूममध्ये येते, प्लंबर तिसऱ्या मजल्यावर भिंत फोडून काही उपयोग नसतो. पाणी बाहेर आहे एवढं कळलं, चीर कुठे आहे ते नाही. आणि तरी ही सोपी बाजू. काहींमध्ये बाहेर पाणी दिसतच नाही, कारण सीएसएफ बाजूच्या शिरेत थेट जात असतं, रक्तात मिसळून गायब. हा प्रकार लॉस एंजेलिसच्या वाउटर शीविंक यांनी 2014 साली दाखवून दिला. त्याआधी हे पेशंट "स्कॅनमध्ये काही नाही" या सदरात जात होते. त्यांना कुशीवर झोपवून, एकेका बाजूचा वेगळा मायलोग्राम करून, म्हणजे मणक्यातल्या पाण्यात कॉन्ट्रास्ट सोडून फोटो काढून, ती शीर शोधावी लागते.

तिच्या न्यूरॉलॉजिस्टने आधी ब्लड पॅच करायचं ठरवलं. हाताच्या शिरेतून काढलेलं तिचंच 20 मिली रक्त कमरेतून ड्युराच्या बाहेरच्या जागेत हळूहळू सोडलं. टेबलावरच ती म्हणाली डोकं हलकं झालं. हा लगेचचा हलकेपणा बाहेरून दाब पडल्यामुळे असतो, खरं काम नंतर रक्त गोठून चीर बुजली तर होतं. दोन आठवडे छान गेले, ती ऑफिसलाही गेली, आणि मग एका दुपारी कानात पुन्हा शिट्टी. पॅच बऱ्याचदा दुसऱ्यांदा करावा लागतो आणि कित्येकांचं त्यावर भागतंही, पण चीर नेमकी कुठे हे माहीत असेल तर औषध तिथेच टाकता येतं, म्हणून आता शोधायचं ठरलं.

या तपासणीला डायनॅमिक सीटी मायलोग्राम म्हणतात आणि यात सगळी गंमत वेळेची आहे. तिला सीटीच्या टेबलावर पालथं झोपवलं, कमरेखाली पाचर ठेवून कंबर उंच, डोकं खाली, म्हणजे कमरेतून सोडलेलं कॉन्ट्रास्ट नसेच्या पुढच्या बाजूने डोक्याकडे वाहत जावं. पाण्याची पट्टी पुढच्या बाजूला होती ना, म्हणून पालथं. कॉन्ट्रास्ट सोडता सोडताच स्कॅन सुरू, पुन्हा पुन्हा. ड्युराच्या आतली एक रेघ वर सरकत जाते आणि एका ठिकाणी तिची दुसरी रेघ फुटते, ड्युराच्या बाहेर. ते ठिकाण म्हणजे चीर. थोडा उशीर झाला की बाहेरची रेघ वरखाली पसरते आणि पुन्हा तीच तिसऱ्या मजल्याची ओल. तिची रेघ फुटली डी2-डी3 ला, दोन खांद्यांच्या मध्ये. तिथेच दोन मणक्यांमधल्या गादीच्या मागच्या कडेला कॅल्शियमचा बारीक काटा, दोन मिलिमीटरचा असेल, थेट ड्युरात घुसलेला. एमआरआयमध्ये तो दिसला नव्हता कारण एवढंसं कॅल्शियम एमआरआय दाखवत नाही, सीटीच दाखवतो. तो काटा कदाचित वर्षानुवर्षं तिथे होता. बॅग ओढताना त्याने शेवटचं काम केलं का? असेलही. पुष्कळ पेशंटना असा कुठलाच प्रसंग आठवत नाही.

काटा असेल तर नुसत्या पॅचवर विसंबता येत नाही, तो तिथेच टोचत राहतो. एका न्यूरोसर्जनने मागून मणक्याचा छोटासा भाग उघडून, नसेला धक्का न लावता बाजूने पुढे जाऊन काटा घासून काढला आणि खाली सापडलेली काही मिलिमीटरची उभी चीर शिवली. ऐकायला सोपं वाटतं, पण छातीच्या मणक्यात नसेच्या पुढे जाणं हे जोखमीचंच काम, पायांची ताकद त्या नसेतून जाते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी पहाटे फोन. वहिनी, डोकं फुटतंय. सगळ्यांना वाटलं फेल गेलं. मी विचारलं कुठे दुखतंय, म्हणाली कपाळात, डोळ्यांच्या मागे. आणि उठून बसलीस तर? "बसल्यावर कमी होतं, पडलं की वाढतं, आता मी झोपू कशी?" मला इतका आनंद झाला की तिला राग आला असणार. गळती बंद झाली की इतके दिवस कमी पाण्याला सरावलेल्या शरीरात पाणी एकदम वाढतं आणि प्रेशर उलट्या बाजूला जातं, मग दुखणंही उलटतं, मागचं पुढे येतं आणि आडवं पडल्यावर वाढतं. याला पुन्हा पॅच केला तर अजून बिघडेल, म्हणून इथेही तोच प्रश्न, उभं की आडवं. त्याच दिवशी डॉक्टरांनी तपासून खात्री केली, डोक्याखाली दोन उशा आल्या आणि अ‍ॅसिटाझोलामाइड सुरू झालं, जे सीएसएफ तयार होणं कमी करतं. काही आठवड्यांत ते बंद करता आलं. तीन महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये पांढरी रेघ गेलेली, थर गेलेला, छोट्या मेंदूची टोकं आपल्या जागी.

गोळ्या चालू असताना बोटांना मुंग्या यायच्या, ते मी आधीच सांगितलं होतं. सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागेल हे मात्र सांगायचं राहिलं, तर तिने गल्लीतल्या सोडावाल्याशी शिळा सोडा देतो म्हणून भांडण काढलं. त्या औषधाने गॅसवाली पेयं खरंच तशी लागतात. सोडावाल्याला हे नंतर तिच्या नवऱ्याने जाऊन समजावलं, त्याला ते पटलं नाही.